खुर्चीचं नाटक, पक्षाचं नव्हे

(दृश्य: खासबाग मैदानाशेजारी केशवराव भोसले नाट्यगृह)

१९१५ साली शाहू महाराजांनी हे नाट्यगृह उभारलं. ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते होरपळलं. निवडणूक आली की कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींमध्ये गट पडतात, आणि राजकारणावर नाटक लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, "हे कुणाच्या बाजूचं?"

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

अरुण सरनाईक याच कोल्हापूरचे. १९७९ च्या 'सिंहासन' या चित्रपटात दिग्दर्शक जब्बार पटेलांनी या देखण्या नायकाला मुख्यमंत्री केलं आणि खलनायक म्हणून गाजलेल्या निळू फुलेंना पत्रकार. चेहरा बघून कुणाची बाजू घ्यायची, ही प्रेक्षकाची सवयच तिथं मोडली. मला ही निवड अजूनही धाडसी वाटते. मुख्यमंत्र्याची भीती खरी आहे आणि त्याच्याविरुद्ध हालचाली करणाऱ्या अर्थमंत्र्याची महत्त्वाकांक्षाही खरी आहे. दोघांनाही तिथं माणूस म्हणून जागा मिळते.

(दृश्य: तालमीचा हॉल, कोऱ्या कागदावर आकडे)

आज असंच नाटक लिहायचं तर कायदा हाताशी घेऊन बसावं लागतं. 'सिंहासन' आलं तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो १९८५ मध्ये आला. एक तृतीयांश आमदार फुटले तर 'फूट' म्हणून चालायचं, ती वाट २००३ मध्ये बंद झाली. आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. समजा, नाटकातल्या पक्षाचे ४० आमदार आहेत. बंडखोर नेत्याला २७ हवेत आणि त्याच्याकडे २६ आहेत. सत्ताविसावा आमदार हाच नाटकाचा कणा. त्याच्या गावात धरणाचं पाणी अडलंय, कारखान्याची थकबाकी आहे, आणि दोन्हीकडून फोन येताहेत. मुख्यमंत्री त्याला मंत्रिपद देऊ म्हणाला, तर तिथंही मर्यादा आहे. २८८ जागांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यासह ४३ च मंत्री होऊ शकतात. म्हणजे कुणाला तरी काढावं लागणार, आणि काढलेला माणूस उद्याचा बंडखोर.

या गणितात पक्षाचं नाव कुठंच लागत नाही. गळ्यातल्या उपरण्याचा रंग बदलून प्रवेश पुन्हा वाचावा. तरीही तो उभा राहिला तर लेखन चोख. रंग बदलताच एखादा संवाद पोकळ वाटला, तर तो संवाद पात्राचा नसून लेखकाचा आहे.

(दृश्य: रंगमंचावर दोन खुर्च्या, वाचन सुरू)

समतोल म्हणजे दोघांना सारखाच दोष वाटणं मात्र नव्हे. एका गटानं मतदारांना पैसे वाटले असतील, तर ते स्पष्ट दाखवावं. समोरच्यालाही तेवढंच काळं फासणं हा खोटेपणा झाला. पण पैसे वाटणाऱ्यालाही बोलू द्यावं, आणि ते घेणाऱ्या बाईलाही. तिची पाणीपट्टी दोन वर्षं थकलीय, आणि मत कुणाला दिलं हे ती शेवटपर्यंत सांगत नाही.