तीस संत्री फोडली, एकही सडकं निघालं नाही

(नागपुरात पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवात कळमन्याच्या बाजारातून करू. आंबिया बहाराचे दिवस आहेत, संत्र्यांचा ट्रक उभा आहे. तुम्ही इकडून तिकडून ३० संत्री उचलता आणि फोडून बघता. एकही सडकं नाही. आता "या ट्रकमध्ये सडकं संत्रं नाही" असं म्हणायचं का?

समजा, ट्रकमध्ये दहात एक सडकं आहे. मग एक संत्रं चांगलं निघण्याची शक्यता ०.९. सलग तीसही चांगली निघण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा तीस वेळा गुणाकार, साधारण ०.०४. म्हणजे दहात एक सडकं असतं तर ते बहुधा तुमच्या हाती लागलं असतं. पण शंभरात एकच सडकं असेल तर? ०.९९ तीस वेळा गुणा, उत्तर ०.७४ येतं. असे चार ट्रक आले तर त्यांतल्या तीन ट्रकांवर तुमची तपासणी "निर्दोष" असा शिक्का मारेल. फोडलेली संत्री तीच आणि तुमचा प्रामाणिकपणाही तोच. एका प्रश्नाला ही तपासणी पुरली, दुसऱ्याला अजिबात पुरली नाही.

"आमच्या ३० रुग्णांत एकालाही गंभीर दुष्परिणाम झाला नाही" असं वाचलं की मला हा ट्रक आठवतो. तोंडी हिशोब सोपा आहे: घटना शून्य असेल तर ३ ला रुग्णसंख्येनं भागा. ३ भागिले ३०, म्हणजे दुष्परिणामाचं खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. शून्य दिसलं, तरी १० टक्के नाकारता आलेले नाहीत.

आता तुमच्या रोजच्या कामाकडे येऊ. एक काल्पनिक थिसिस घ्या. शस्त्रक्रियेआधी त्वचा स्वच्छ करायला जुनं द्रावण की नवं? दोन्ही गटांत ४०-४० रुग्ण. जुन्या गटात ८ जणांची जखम चिघळली, नव्या गटात ४ जणांची. २० टक्के विरुद्ध १० टक्के. पी-व्हॅल्यू येते ०.२१. निष्कर्षात विद्यार्थी लिहितो, "दोन्ही द्रावणांत फरक नाही. नवं द्रावण उपयोगाचं नाही." एका तोंडी परीक्षेत असंच वाक्य मी ऐकलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माझीही डोलली होती, खोटं कशाला बोलू.

अहो, संसर्ग निम्म्यावर आलेला समोर दिसतोय! पी-व्हॅल्यू एवढंच सांगते की इतक्या थोड्या रुग्णांत असा फरक निव्वळ योगायोगानंही दिसू शकतो. योगायोगच आहे असं ती सांगत नाही.

म्हणून पेपर वाचताना मी पी-व्हॅल्यू बाजूला ठेवतो आणि फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल शोधतो. दिलेला नसेल तर स्वतः काढतो. इथे दिसलेला फरक १० टक्क्यांचा, आणि इंटरव्हल साधारण उणे ५ ते अधिक २५. म्हणजे नवं द्रावण शंभर रुग्णांमागे २५ संसर्ग वाचवत असेल, किंवा ५ वाढवत असेल. हा अभ्यास दोन्हींशी जुळतो. इतक्या रुंद पट्ट्यात "काहीच नाही" आणि "फार मोठा फायदा" दोघंही शेजारी बसलेत.

मग प्रश्न असा की हा अभ्यास फरक पकडू शकला असता का? २० वरून १० टक्क्यांवर येणारा खरा फरक ८० टक्के खात्रीनं पकडायला प्रत्येक गटात साधारण २०० रुग्ण लागतात. ४० घेतले तर ही पकडण्याची खात्री, म्हणजेच पॉवर, जेमतेम २४ टक्के. द्रावण खरोखर इतकं चांगलं असलं, तरी असे चार अभ्यास केले तर तीन "निष्फळ" म्हणून फाइलबंद होणार.

इथे एक सापळा आहे. अभ्यास झाल्यावर, दिसलेलाच फरक सूत्रात घालून काही जण पॉवर काढतात आणि लिहितात, "पॉवर कमी होती." हे म्हणजे पी-व्हॅल्यूच दुसऱ्या कपड्यांत. पी-व्हॅल्यू मोठी असली की अशी पॉवर कमी येणारच, त्यातून नवीन काही कळत नाही. पॉवर काढायची ती रुग्णाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या फरकासाठी, आणि तो फरक निकाल बघायच्या आधी ठरवायचा.

रुग्णसंख्या भरपूर असूनही अभ्यास आंधळा असू शकतो. समजा, जुन्या गटाच्या वॉर्डातही सिस्टरांनी अधूनमधून नवं द्रावण वापरलं. १० टक्क्यांचा फरक ५ वर आला. निम्मा फरक शोधायला ढोबळ मानानं चौपट रुग्ण लागतात. म्हणून पद्धतीच्या विभागात मी बघतो की कोणाला खरंच काय मिळालं. जुन्या गटात २० टक्के संसर्ग गृहीत धरला होता तर प्रत्यक्षात किती निघाला, हेही बघतो. ६ टक्केच निघाला असेल, तर तिथे १० टक्क्यांनी कमी व्हायला जागाच नव्हती.

खरं उदाहरण हृदयविकाराचं आहे. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज अनेक वर्षं छोट्या-छोट्या चाचण्यांतून फिरत होतं, आणि त्यांतल्या बऱ्याच चाचण्या एकेकट्या काही सिद्ध करू शकल्या नाहीत. १९८६ मध्ये इटलीतल्या 'जिसी' चाचणीत ११ हजारांहून जास्त रुग्ण घेतले. २१ दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ वर आले. एवढासा फरक ८० टक्के खात्रीनं पकडायचा तर माझ्या हिशोबानं प्रत्येक बाजूला ३,१०० च्या आसपास रुग्ण हवेत. दोनशे रुग्णांची चाचणी तिथे काय बोलणार? मात्र त्या छोट्या चाचण्यांचे आकडे छापलेले होते, म्हणून पुढे एकत्र करता आले. १९९२ मध्ये ते क्रमानं एकत्र करून पाहिले, तेव्हा फायदा १९७३ मध्येच दिसायला हवा होता असं निघालं.

पण "सॅम्पल लहान होतं" हे वाक्य न आवडलेल्या निकालावर फेकायचा दगडही नव्हे. समजा, दुसऱ्या एका अभ्यासात १०००-१००० रुग्ण आहेत, संसर्ग १०० आणि ९७. इंटरव्हल साधारण उणे २.३ ते अधिक २.९. तुम्ही आधीच ठरवलं असेल की ५ टक्क्यांहून कमी फायद्यासाठी महाग द्रावण घेणार नाही, तर या पेपरनं स्पष्ट उत्तर दिलंय: घेऊ नका. या अभ्यासाला "निष्फळ" म्हणणं अन्यायाचं आहे. ५ टक्क्यांचा फायदा त्यानं नाकारून दाखवलाय.

शेवटी एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, माझे ४०-४० रुग्ण झालेत, मुदत संपत आली, पी ०.२१ आहे. आता काय लिहू?"

मी म्हटलं, हे लिही: "नव्या द्रावणानं संसर्ग १० टक्क्यांनी कमी दिसला, ९५ टक्के इंटरव्हल उणे ५ ते अधिक २५. महत्त्वाचा फायदा या अभ्यासातून सिद्धही होत नाही आणि नाकारताही येत नाही." आणि ८ व ४ हे मूळ आकडे तक्त्यात ठेव, नुसती टक्केवारी नको. पुढच्या कोणाला तुझे ८० रुग्ण आपल्या ४०० मध्ये मिळवायचे असतील, तर त्याला तेच लागतील.