दुकानातून परत येणारी बरणी

(महिला बचत गटांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान, संपादित)

कैरीच्या लोणच्याची बरणी दुकानातून परत येते, तेव्हा कारण बहुतेक वेळा झाकण उघडताच दिसतं. वरच्या दोन-चार फोडी तेलाबाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी धरलेली असते. बुरशीला हवा लागते. तेलाचा थर हवा अडवतो, म्हणून खाद्यसुरक्षा नियमांनीही तेलातल्या लोणच्यावर अर्धा सेंटीमीटर तेल असावं किंवा एकूण लोणच्यात किमान दहा टक्के तेल असावं, असं सांगितलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही पाळा.

आता हे तेल कमी का पडतं? बरणी भरतो त्या दिवशी ते पुरेसं दिसतं. पण फोडींमध्ये हवेचे कप्पे अडकलेले असतात, मोहरीची डाळही तेल पिते, आणि दोन-तीन दिवसांत पातळी खाली जाते. म्हणून भरल्याबरोबर सील करू नका. कोरड्या सुरीने कडेकडेने हलवून हवा काढा, बरण्या झाकून तीन दिवस ठेवा, मग वरून गार तेल घालून झाकण पक्कं करा. बाटलीत पाण्याचा थेंबही नको. धुतलेली बरणी फडक्याने पुसू नका, कडक उन्हात पूर्ण वाळवा.

दुसरी खोड मिठाची. झाकण फुगलं, उघडताना फस् आवाज आला, बुडबुडे दिसले, की समजा मीठ कमी पडलंय आणि लोणचं आंबलंय. घरी आपण वाटीने मोजतो. पण एक वाटी खडेमीठ आणि एक वाटी बारीक मीठ यांचं वजन सारखं नसतं. विक्रीच्या मालाला काटाच हवा. चिरलेल्या एक किलो फोडींना दीडशे ग्रॅम मीठ घ्या, आणि ते वजन अख्ख्या कैरीचं नव्हे, कोय काढलेल्या फोडींचं धरा. मीठ-हळद लावून फोडी एक दिवस ठेवा. सुटलेला खार फेकू नका, आंबटपणा त्यातच आहे.

फोड मऊ पडली तर आधी कैरी पाहा. राजापुरीसारखी गराची, कडक आणि आंबट कैरी काढल्यापासून एका दिवसात चिरायला हवी. पिवळसर गर दिसला की ती कैरी बाजूला काढा. आणि फोडणी पूर्ण गार होऊ द्या. गरम तेलाने फोड शिजते, शिवाय मोहरीचा झणका मरतो. मेथी तांबूस होऊन पुढे काळी पडली, तर अख्खा घाणा कडू होतो.

आता हिशेब. दहा किलो कैरीतून सात किलो फोडी निघाल्या असं धरू. त्यात मीठ, मसाला आणि दोन लिटर तेल मिळून अकरा किलोच्या आसपास लोणचं होतं. भांड्याला चिकटलेलं वजा जाता ४०० ग्रॅमच्या २७ बरण्या भरतात. कैरी ३० रुपये किलोने, तेल १८० रुपये लिटरने आणि मसाला बाजारभावाने धरला, तर कच्चा माल साधारण १,११५ रुपयांचा, म्हणजे बरणीमागे ४१. रिकामी बरणी, झाकण, लेबल २५. दोघींची दिवसाची मजुरी ८०० धरली तर ३०. गॅस, फुटतूट, वाहतूक १०. झाले १०६ रुपये.

इथे गट दोन आकडे विसरतात. स्वतःच्या झाडाची कैरी आणि स्वतःची मजुरी. मग बरणी साधारण पासष्टलाच पडते असं वाटतं आणि १५० रुपये छापले जातात. दुकानदाराने छापील किमतीवर २५ टक्के घेतले की हाती ११२ उरतात, म्हणजे नफा सहा रुपये. एक बरणी परत आली की सतरा बरण्यांचा नफा गेला. १८० छापले तर दुकानदाराचे ४५ जाऊन २९ रुपये उरतात. त्याखाली जाऊ नका.

नावाबद्दल एकच सांगते. ‘गावरान’, ‘घरगुती’ यांसारखे वर्णनाचे शब्द एकटे ठेवून ट्रेडमार्क मिळणं अवघड असतं, कारण ते सगळ्यांचेच शब्द आहेत. वेगळं नाव शोधा, आणि अर्ज करताना वर्ग तपासा. लोणचं २९ व्या वर्गात येतं, पीठ आणि मसाले ३० व्या. दोन्ही विकणार असाल तर दोन्ही वर्गांचं शुल्क भरावं लागतं.

लेबलवर घटक, निव्वळ वजन, छापील किंमत, तारखा, हिरवं चिन्ह आणि चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक तर हवाच. पण मी घाणा क्रमांकावर जास्त जोर देते. वहीत प्रत्येक घाण्याचं फोडींचं वजन, मीठ, तेल आणि तारीख लिहा, आणि दोन बरण्या स्वतःकडे ठेवा. दुकानातून बुरशीची तक्रार आली, की क्रमांक पाहून आधी आपल्याकडची बरणी उघडायची. तिच्यातही तेल खाली गेलं असेल, तर त्या घाण्याच्या उरलेल्या बरण्या त्याच दिवशी दुकानांतून परत आणायच्या.