टिळकांनी कांट कोणत्या भाषेत वाचला?

श्रोतेहो, नमस्कार.

लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात जर्मन आणि फ्रेंच शिकले, हे पुण्यात बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून टिळकांनी कांट हा तत्त्वज्ञ मूळ जर्मनमधून वाचला, असेही कधीकधी सांगितले जाते. दुसरे विधान पहिल्यातून आपोआप निघत नाही. एखाद्या नेत्याने काय वाचले हे कागदपत्रांवरून कसे ठरवावे, ते या एकाच उदाहरणावरून आज पाहू.

टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी त्यांना मंडालेला नेण्यात आले. तेथून पुण्याला आपले भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांत ते पुस्तके मागवीत. अशा पत्रातली मागणी हा वाचनाचा पहिला पुरावा खरा, पण तो इच्छेचा पुरावा आहे. मागवलेले पुस्तक बाजारात मिळाले का, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी ते आत जाऊ दिले का, आणि पोहोचल्यावर ते वाचून झाले का, हे तीन प्रश्न शिल्लकच राहतात. म्हणून मागणीच्या पत्राबरोबर नंतरचे, पोच देणारे किंवा त्या पुस्तकाविषयी मत सांगणारे पत्र शोधावे लागते. नुसत्या याद्या उतरवून काढणारा अभ्यासक इथेच फसतो.

पुस्तकाची प्रत हाती आली, तरी सावध राहावे लागते. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत पुस्तक आले तो दिवस आणि ते विकत घेतले की भेट मिळाले, एवढे कळते. मालकाने ते उघडले की नाही, हे नोंदवहीला माहीत नसते. पहिल्या पानावरची ‘सप्रेम भेट’ देणाऱ्याची आवड सांगते, घेणाऱ्याची नव्हे. (आपल्याकडे लग्नात आलेली पुस्तके आठवा, म्हणजे पटेल.) जुन्या पुस्तकांची पाने कडेला जोडलेलीच येत आणि वाचकाला ती कापावी लागत, पहिली चाळीस पाने कापलेली आणि पुढची तशीच जोडलेली असतील, तर ती प्रत तिथेच थांबली, एवढे नक्की. समासातल्या खुणा बोलक्या असतात, पण त्या कोणाच्या, हे ठरवताना अक्षर ताडून पाहावे लागते. मंडालेत टिळकांना लिहायला पेन्सिलच मिळत असे. पण तेवढ्यावरून पेन्सिलीची प्रत्येक खूण टिळकांचीच, असे मानणे धाडसाचे ठरेल. शब्द लिहिलेला असेल तर अक्षर तपासता येते, नुसत्या अधोरेखेला मात्र अक्षर नसते.

आता कांटकडे वळू. ‘गीतारहस्य’ १९१०–११ च्या हिवाळ्यात मंडालेत लिहिले गेले आणि १९१५ मध्ये पुण्यात छापले गेले. त्यात कांटच्या नीतिशास्त्राचा आधार घेताना तळटिपेत अॅबटच्या इंग्रजी भाषांतराचा, तेही सहाव्या आवृत्तीचा, निर्देश आहे. ही एक ओळ दोन गोष्टी सांगते. पहिली अशी की, युक्तिवादासाठी टिळकांच्या समोर होते ते इंग्रजी पुस्तक. त्यांनी जर्मन मजकूर पाहिलाच नाही असे यावरून म्हणता येत नाही, पण पाहिला असे म्हणायलाही निराळा पुरावा हवा. दुसरी गोष्ट मला अधिक रंजक वाटते. त्या भाषांतराची सहावी आवृत्ती १९०९ ची आहे, म्हणजे टिळकांच्या अटकेनंतरची. गायकवाडवाड्यातल्या त्यांच्या जुन्या संग्रहातून ही प्रत निघालेली असू शकत नाही. शिक्षा सुरू झाल्यानंतरच ती त्यांच्या हाती आली.

छंदांच्या बाबतीत कागदपत्रे याहून मितभाषी असतात. तरुण टिळकांच्या व्यायामाच्या आणि पोहण्याच्या हकिकती आपल्याला मुख्यतः सोबत्यांच्या आठवणींतून कळतात, आणि सदाशिव विनायक बापट यांनी त्या गोळा करून छापल्या, तेव्हा टिळक हयात नव्हते. आठवण सांगणाऱ्याला पुढचा लोकमान्य माहीत असतो, त्यामुळे कॉलेजातल्या मुलाच्या साध्या सवयीही त्याला पूर्वचिन्हे वाटू लागतात. उलट, तुरुंगातून आलेल्या पत्रात एखाद्या आवडीचा उल्लेख नाही, म्हणून ती सुटली असेही नाही. मोजक्या पत्रांत घरचे व्यवहार, प्रकृती आणि पुस्तके एवढेच मावत असे.

कांटच्या त्या तळटिपेबाबत एक शंका उरते. अॅबटची प्रत मंडालेतच आली, की १९१४ मध्ये सुटून आल्यावर छपाईच्या वेळी पुण्यात हाती लागली? याचे उत्तर छापील ग्रंथ देत नाही. त्यासाठी पेन्सिलीने लिहिलेल्या मूळ वह्यांत तीच जागा काढावी लागेल. आवृत्तीचा आकडा तिथे मजकुराच्या ओघात, त्याच पेन्सिलीने आलेला असेल, तर पुस्तक मंडालेत होते. तो तिथे नसेल किंवा शाईने मागाहून घातलेला दिसत असेल, तर त्या कोठडीतल्या पुस्तकांच्या यादीत ही प्रत तूर्त लिहिता येणार नाही.