ध्रुवावरचा सूर्यास्त आणि भलामोठा चंद्र

पडद्यावरचं हे चित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. बर्फाळ किनारा, शांत पाणी, क्षितिजाजवळ चिमुकला सूर्य आणि त्याच्या डोक्यावर जवळजवळ सगळं आकाश व्यापणारी चंद्राची कोर. सोबत ओळ असते: उत्तर ध्रुवावरचा सूर्यास्त, चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना. हे संगणकावर घडवलेलं चित्र आहे, आणि चित्र म्हणून मला ते फार सुंदर वाटतं. राग आहे तो त्या ओळीवर, कारण तिने चित्राचा फोटो करून टाकला. आज आपण असं धरू की हे चित्र कुठून आलं ते आपल्याला ठाऊक नाही. नुसतं बघून काय काय ठरवता येतं?

आधी आकार. माझ्या हातात ही साधी पेन्सिल आहे. हात पूर्ण लांब करून ती चंद्रासमोर धरली तर चंद्र तिच्यामागे झाकला जातो. आकाशात तो एवढाच, अर्ध्या अंशाचा असतो. विशेष म्हणजे सूर्यही तेवढाच दिसतो. चंद्रापेक्षा तो सुमारे 400 पट रुंद आहे आणि सुमारे 400 पट लांबही आहे. म्हणून तर खग्रास ग्रहणात चंद्राची चकती सूर्यावर इतकी नेमकी बसते.

यातून एक सोपी कसोटी मिळते. एकाच फोटोत सूर्य आणि चंद्र दोन्ही असतील तर पट्टी घ्या आणि दोघांचे व्यास मोजा. कोर असेल तर तिच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. ती टोकं नेहमी समोरासमोर असतात, त्यामुळे तो चंद्राचा पूर्ण व्यासच असतो. दोन्ही मापं जवळपास सारखी यायला हवीत. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, फोटो किती कापला, याने काही बिघडत नाही, कारण लेन्स दोघांनाही सारखंच मोठं करते. सूर्याच्या झगमगाटाने त्याचं बिंब फुगून मोठं दिसू शकतं, पण चंद्राहून फारसं लहान कधीच दिसणार नाही. आपल्या चित्रात चंद्र सूर्याच्या कित्येक पट आहे. आणि ‘जवळ आला म्हणून मोठा’ हे म्हणणं? चंद्र सर्वांत लांब असताना जेवढा दिसतो, त्याच्यापेक्षा सर्वांत जवळ आल्यावर तो सुमारे 14 टक्के मोठा दिसतो. बस्स, एवढंच.

इथे थोडं थांबतो, कारण याच मुद्द्यावर पुष्कळ खरे फोटो खोटे ठरवले जातात. मनोऱ्यामागे मनोऱ्याएवढा चंद्र दिसला की लोक लगेच ‘जोडकाम’ म्हणतात. पण 100 मीटर उंच मनोरा अकरा किलोमीटरवरून पाहिला तर तोही अर्ध्या अंशाचाच दिसतो. टेलिफोटो लेन्स लावून तिथून फोटो घेतला तर दोघे शेजारी सारखेच दिसतील, आणि तो फोटो अगदी खरा असेल. म्हणून अशा फोटोबद्दल विचारायचं ते हे, की तो किती लांबून काढला. चंद्र मनोऱ्याएवढा आहे पण मनोऱ्याच्या पायथ्याशी उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येतोय, तर मग संशयाला जागा आहे.

आता चंद्राच्या कला. चंद्राची उजळलेली बाजू किती जाड, हे तो आकाशात सूर्यापासून किती अंतरावर आहे यावर ठरतं. अर्धा चंद्र म्हणजे नव्वद अंश. तीस अंशांवर चकतीचा जेमतेम सात टक्के भाग उजळलेला असतो, आणि बारा अंशांवर एकच टक्का. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी सूर्यापासून सुमारे सात अंशांची मर्यादा सांगितली. त्याच्या आत नुसत्या डोळ्यांना कोर दिसत नाही. याहून जवळच्या कोरीचे फोटो निघाले आहेत. आकाशाचे फोटो काढणारे तिएरी लगो यांनी 2013 च्या जुलैमध्ये, ऐन अमावास्येच्या क्षणी, सूर्यापासून साडेचार अंशांच्या आत असलेली कोर टिपली. पण त्यासाठी दुर्बिणीवर येणारं ऊन अडवावं लागलं आणि अवरक्त प्रकाशात फोटो घ्यावा लागला. त्या फोटोत ना किनारा आहे ना पाणी. फिकट आकाशात केसासारखी एक रेघ आहे.

हे सात अंश लक्षात ठेवा, कारण आता आपण खरंच ध्रुवावर जाणार आहोत. मला सर्वांत आवडतो तो भाग हाच.

उत्तर ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदाच मावळतो, शरद संपातानंतर, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्यानंतर, एक-दोन दिवसांनी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास. तो क्षितिजालगत गोल फिरत राहतो आणि दिवसाला अर्ध्या अंशाहूनही कमी खाली सरकतो. तिथे क्षितिज आणि विषुववृत्ताची आकाशातली रेषा एकच असते. सूर्याचा मार्ग, म्हणजे क्रांतिवृत्त, या रेषेला साडेतेवीस अंशांनी छेदतो. सूर्याकडे तोंड करून उभे राहिलात तर त्या वेळी क्रांतिवृत्त उजवीकडून तिरकं खाली येऊन सूर्यातून जातं आणि डावीकडे क्षितिजाखाली बुडतं.

चंद्र या क्रांतिवृत्तापासून पाच अंशांहून फारसा दूर जात नाही. म्हणजे ध्रुवावरच्या सूर्यास्ताला कोर दिसायची असेल तर ती सूर्याच्या उजवीकडे, लांबवर दिसेल. समजा ती सूर्यापासून पंधरा अंशांवर, क्रांतिवृत्तावरच आहे. मग ती साधारण चौदा अंश उजवीकडे आणि फक्त सहा अंश वर असेल. आणि ती अमावास्येकडे झुकलेली, वद्य पक्षातली कोर असेल. शुद्ध पक्षातली कोर त्या वेळी बहुधा क्षितिजाखालीच असते.

मग कोर सूर्याच्या थेट डोक्यावर आणायची तर? पाच अंशांची सगळी सवलत वापरली तरी ती सूर्याच्या वर सहा अंशांपर्यंतसुद्धा पोचत नाही. म्हणजे दाँजाँच्या मर्यादेच्या आतच राहते. ज्या जागी चित्रात कोर रंगवली आहे, तिथे चंद्र थोडाफार वर असू शकेल, पण तो दिसणार नाही; आणि तो दिसेल इतका दूर गेला तर त्या जागी राहणार नाही. आकार विसरून चंद्र पेन्सिलीएवढा केला, तरी हे चित्र त्या ओळीला जुळत नाही.

पडताळून पाहायचं असेल तर स्टेलॅरियम हा आकाश दाखवणारा मोफत संगणक-प्रोग्राम उघडा, अक्षांश 90 अंश उत्तर द्या, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा निवडा आणि एकेक वर्ष पुढे सरका. ज्या वर्षी कोर दिसेल, त्या वर्षी ती उजवीकडेच सापडेल.

मघाशी एका ताईंनी विचारलं, कोरीची उजळ बाजू सूर्याकडे आहे का, एवढं बघून भागणार नाही का? सूर्य आणि चंद्र आकाशात जवळ असताना भागतं. कोरीची टोकं जोडणाऱ्या रेषेला मधोमध काटकोनात रेघ काढली तर ती सूर्याकडे जायला हवी. पण सूर्य पश्चिमेला मावळतोय आणि अर्ध्याहून मोठा चंद्र पूर्वेकडे वर आलाय, अशा वेळी चंद्राची उजळ बाजू सूर्याच्या बरीच वर रोखलेली वाटते. फोटोत नव्हे, प्रत्यक्ष आकाशातच तसं वाटतं. आकाशाच्या गोलावरची सरळ रेषा आपल्या नजरेला कमानीसारखी वाकलेली भासते. चंद्रापासून सूर्यापर्यंत एक दोरी ताणून डोळ्यांसमोर धरा, ती बरोबर उजळ बाजूतून निघेल. त्यामुळे दोघांत साठ-सत्तर अंशांहून जास्त अंतर असेल, तर या एका कारणावरून कुणाच्या फोटोला खोटं म्हणू नका.