चौदा आणि पंधराची अदलाबदल

(दृश्य: लाकडी पेटी, चार गुणिले चार घरं, १५ ठोकळे, उजवीकडे खालचं घर रिकामं. शेवटच्या ओळीत १३, १५, १४.)

१८८० साली अमेरिकेत या खेळानं लोकांना वेड लावलं होतं. ठोकळे उचलायचे नाहीत, फक्त रिकाम्या घरात सरकवायचे. सगळं जागेवर आहे, १४ आणि १५ तेवढे उलटे. ते सरळ करा आणि रिकामं घर पुन्हा त्याच कोपऱ्यात आणा. पुढे सॅम लॉइड या कोडेकारानं त्यासाठी हजार डॉलरचं बक्षीस लावलं. ते कुणालाच मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. का, ते पाहायला पेटी जरा बाजूला ठेवू.

चार आकडे घ्या. १ २ ३ ४ या क्रमातून ३ १ ४ २ या क्रमात जायचं आहे. एका वेळी कोणत्याही दोघांची अदलाबदल करायची. मी ते तीन अदलाबदलींत करेन, तुम्ही कदाचित पाच किंवा सात घ्याल. मोजणी ज्याची त्याची वेगळी. मग ‘सम अदलाबदली लागल्या तर चिन्ह अधिक एक, विषम लागल्या तर उणे एक’ असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे का? उद्या कुणी तेच काम चार अदलाबदलींत करून दाखवलं, तर ही व्याख्याच कोसळेल. खरी भीती इथे आहे.

म्हणून असं काहीतरी मोजू या, जे फक्त समोरच्या मांडणीवर ठरतं, तिथं कसे पोचलो यावर नाही. मोठा आकडा लहानाच्या आधी आला, की ती जोडी उलटी. ३ १ ४ २ मध्ये ३ आणि १, ३ आणि २, ४ आणि २, अशा तीन जोड्या उलट्या आहेत. हे कुणीही मोजलं तरी तीनच येणार.

आता शेजारच्या दोघांना बदला. ४ आणि २ ची जागा बदलली, की ३ १ २ ४. बाकीच्यांच्या दृष्टीनं काहीच घडलं नाही. जो या दोघांच्या डावीकडे होता तो डावीकडेच आहे, उजवीकडचा उजवीकडेच. फक्त ही एक जोडी सुलटी झाली. म्हणजे शेजाऱ्यांच्या अदलाबदलीनं उलट्या जोड्या बरोबर एकानं वाढतात किंवा कमी होतात. समाचं विषम होतं, विषमाचं सम.

आणि दोघं लांब असतील तर? ३ १ ४ २ मध्ये टोकाच्या ३ आणि २ ची अदलाबदल करू. ३ ला एकेक पाऊल उजवीकडे नेलं, तीन पावलं: १ ४ २ ३. आता २ ला डावीकडे आणायचं, पण ३ ला ओलांडताना त्याचं एक पाऊल आधीच झालंय, म्हणून दोनच उरली: २ १ ४ ३. एकूण पाच. अंतर किती का असेना, जाताना जेवढी पावलं, येताना त्याहून एक कमी. बेरीज नेहमी विषम. म्हणून कोणतीही एक अदलाबदल उलट्या जोड्यांची समविषमता पालटतेच.

सुरुवातीला उलटी जोडी एकही नव्हती. म्हणून अदलाबदलींची संख्या आणि उलट्या जोड्यांची संख्या, दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. तीन, पाच, सात चालतील. चार कधीच नाही.

हे एकदा पक्कं झालं, की पुढचं आपोआप येतं. उलट्या जोड्या मोजून हे दिसलं नसतं, कारण दोन फेरबदल एकापाठोपाठ केले की त्यांच्या उलट्या जोड्यांची सरळ बेरीज होत नाही. अदलाबदलींची मात्र होते. एका फेरबदलाला पाच, दुसऱ्याला चार, तर दोन्ही मिळून नऊ. म्हणून एकत्रित फेरबदलाचं चिन्ह हे दोघांच्या चिन्हांचा गुणाकार. अधिक एक आणि उणे एक या दोनच सदस्यांच्या, गुणाकारानं जोडलेल्या ग्रुपवर सगळे फेरबदल येऊन बसतात, आणि एकापाठोपाठ केलेले फेरबदल तिथं गुणाकार होऊन उतरतात; अशा जुळणीला होमोमॉर्फिझम म्हणतात. दोन्ही चिन्हं वापरात यायला निदान दोन वस्तू हव्यात, एवढीच अट. एकच वस्तू असेल तर अदलाबदल कुणाशी करणार? मग उणे एक रिकामाच राहतो.

(दृश्य: पुन्हा पेटी. घरांवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे रंग चढतात.)

रिकाम्या घराला १६ म्हणा. प्रत्येक सरकवणं म्हणजे १६ ची कुणाशी तरी अदलाबदल. दर खेपेला १६ काळ्यावरून पांढऱ्यावर जातो, किंवा पांढऱ्यावरून काळ्यावर. त्याच कोपऱ्यात परतायचं तर खेपा सम हव्यात. म्हणजे एकूण फेरबदलाचं चिन्ह अधिक एक. पण फक्त १४ आणि १५ बदलायचे, तर चिन्ह उणे एक. हे विल्यम वुल्सी जॉन्सन यांनी १८७९ साली अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये मांडलं. त्यांच्याबरोबर विल्यम स्टोरी यांनी उलट बाजू दाखवली: चिन्ह आड येत नसेल, तर मांडणी नक्की जमते.

आता समजा, रिकामं घर डावीकडे वरच्या कोपऱ्यात ठेवून पुढे १ ते १५ क्रमानं हवेत. तिथं १६ सगळ्यांच्या आधी येतो, म्हणजे उलट्या जोड्या १५, विषम. आपल्या बिघडलेल्या पेटीत एक, तीही विषम. आणि दोन्ही कोपरे एकाच रंगाचे. ही मांडणी त्याच पेटीतून जमते.