खव्याच्या जागी डबा

मंडळी, पाककृतींत एक ओळ सर्रास दिसते: 'खवा नसेल तर कन्डेन्स्ड मिल्क घ्या'. माझा राग या ओळीवर आहे. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी ती वाचून गुलाबजाम केले. मळलेला गोळा हाताला चिकटत होता, म्हणून मैदा वाढवला. तेलात पडताच जाम काळपट झाले आणि आत कच्चे राहिले. बिचाऱ्यांना वाटलं, आपलाच हात बिघडला. हात नव्हता हो बिघडला! डब्यातली साखर तेलात करपली आणि मैदा शिजायला वेळच मिळाला नाही.

खवा होतो कसा, ते बघा. म्हशीचं पाच लिटर दूध पसरट कढईत मोठ्या आचेवर सतत ढवळत आटवायचं. कडेला चिकटलेलं खरवडून पुन्हा आत ढकलायचं. दूध दाटलं की आच मंद करायची, कारण करपण्याची भीती आता खरी. गोळा कढई सोडू लागतो, कडेला तूप चमकतं, तेव्हा उतरवायचं. साधारण किलोभर खवा मिळतो. साखर त्यात मुळीच नाही.

कन्डेन्स्ड मिल्कचं दूध निर्वात भांड्यात कमी तापमानाला आटवतात आणि त्यात साखर घालतात. ते टिकतं या साखरेमुळेच. चारशे ग्रॅमच्या डब्यात साधारण १८० ग्रॅम साखर, दुधाचा घन भाग सव्वाशेच्या आत आणि बाकी पाणी.

आता पेढ्याचा हिशोब करू. पाव किलो खव्यात घन भाग पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्याला पाऊण वाटीपेक्षाही कमी, ७५ ग्रॅम साखर पुरते. म्हणजे साखर घन भागाच्या निम्म्याहून कमी. डब्यात मात्र ती दीडपट! हे प्रमाण सावरायला १८० ग्रॅम साखरेला ४२० ग्रॅम घन भाग हवा, म्हणजे तीनशे ग्रॅम दूध पावडर वरून घालावी लागते. झटपट पेढ्यात पावडर येते ती म्हणूनच. असे पेढे चांगलेच होतात, पण वरून साखर एक चमचाही घालू नका. गुलाबजामला मात्र हा डबा नकोच, तिथे खवाच लागतो.

वेळ संपत आली, चिठ्ठी आलीये, म्हणून इव्हॅपोरेटेड मिल्कचं भराभर सांगतो. यातलं साठ टक्के पाणी काढलेलं असतं, साखर नसते. ते टिकतं डबा बंद करून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केल्यामुळे. त्या उष्णतेने त्याला फिकट बदामी रंग आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. बासुंदी किंवा कुल्फीत दूध आटवायचा वेळ वाचतो, साखर आपल्या हातात राहते. चारशे ग्रॅमचा डबा आटवला तर जेमतेम दीडशे ग्रॅम खवा होईल, आणि त्याला तूप सुटणार नाही. कारखान्यात स्निग्धांशाचे थेंब फोडून बारीक केलेले असतात, ते सहजी एकत्र येत नाहीत. तूप सुटण्याची वाट बघत ढवळत राहाल तर खवा कोरडा पडेल. गोळा कढई सोडू लागला की लगेच उतरवा.