यांत्रिक की सेंद्रिय? प्रश्नातलं वातावरण आधी शोधा

नमस्कार मंडळी. आज थेट प्रश्नापासून सुरुवात करू. पडद्यावर बघा.

(पडद्यावर: विधान – सेंद्रिय संघटना यांत्रिक संघटनेपेक्षा श्रेष्ठ असते. कारण – सेंद्रिय संघटना बदलत्या परिस्थितीशी लवकर जुळवून घेते.)

व्हिडिओ थांबवा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. विधान बरोबर का? कारण बरोबर का?

नेटची, सेटची किंवा एमबीएची तयारी करणारी मुलं इथे बऱ्याचदा 'दोन्ही बरोबर' असं लिहितात. मला वाटतं, यात निम्मी चूक शब्दांचीच आहे. 'सेंद्रिय' म्हटलं की आपल्याला शेणखत आठवतं, बिनफवारणीची भाजी आठवते, म्हणजे काहीतरी चांगलंच. आणि 'यांत्रिक' म्हटलं की कोरडं, जीव नसलेलं. इथे 'सेंद्रिय'चा अर्थ एवढाच, की सजीवासारखी, म्हणजे परिस्थिती बदलली की स्वतःची घडी बदलणारी. आणि 'यांत्रिक' म्हणजे यंत्रासारखी, जिथे प्रत्येक भागाचं काम आधीच ठरलेलं असतं. यात बरं-वाईट काही नाही.

हे शब्द आले कुठून? टॉम बर्न्स हे एडिंबरा विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ आणि जी. एम. स्टॉकर हे मानसशास्त्रज्ञ. या दोघांनी 1950च्या दशकात स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या सुमारे 20 कंपन्यांचा अभ्यास केला आणि तो 1961 मध्ये पुस्तकरूपाने आला. पाठ्यपुस्तकात त्यातून फक्त दोन रकाने उरलेत, डावीकडे यांत्रिक आणि उजवीकडे सेंद्रिय. ते रकाने पाठ करून प्रश्न सुटत नाहीत, म्हणून आज मी तुम्हाला त्या कंपन्यांमध्ये घेऊन जातो.

पहिली जागा, रेयॉनची गिरणी. इथे रासायनिक प्रक्रियेतून धागा तयार होतो. माल ठरलेला, प्रक्रिया ठरलेली. काम कसं करायचं याच्या लेखी सूचनांचा एक संच होता, त्याला तिथे 'फॅक्टरी बायबल' म्हणत. आता आपण कल्पना करू. समजा, एका टाकीचं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं. मुकादमाने काय करायचं? स्वतःचं डोकं चालवून नवा प्रयोग करायचा नाही. वरच्याला कळवायचं. वरच्याच्या आवाक्यातलं नसेल तर तो आणखी वर कळवणार. माहिती खालून वर जाणार, हुकूम वरून खाली येणार. प्रत्येकाला आपलं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे पक्कं माहीत.

बर्न्स आणि स्टॉकर याला वाईट म्हणत नाहीत. जिथे उद्याचा दिवस आजच्यासारखाच असणार आहे, तिथे हीच पद्धत शहाणपणाची. रोज तोच धागा काढायचा असताना दर सकाळी बैठक घेऊन 'आज काय करू या' विचारण्यात काय अर्थ आहे? ठरलेलं काम, कमी खर्चात, न चुकता, ही या रचनेची ताकद.

दुसरं टोक म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या. तिथे काही ठिकाणी पदांचा तक्ता काढणंच टाळलेलं होतं. नव्याने आलेल्या व्यवस्थापकाला 'तुझं काम हे' असं कोणी लिहून देत नव्हतं. दहा जणांशी बोलून, काम करता करता त्याने ते शोधायचं. अडचण आली की ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडे जायचं, मग तो वर असो, खाली असो की शेजारच्या खात्यातला असो. वरून येतं ते हुकमापेक्षा सल्ल्यासारखं जास्त.

आता एक गोष्ट, जी त्या दोन रकान्यांत सापडत नाही. या कंपन्यांतली माणसं सुखात होती असं समजू नका. 'माझं नेमकं काम काय, माझा नेमका साहेब कोण' हे नक्की नसण्याचा ताण त्यांना जाणवत होता. सेंद्रिय रचनेची ही किंमत आहे. रोज बदलणाऱ्या तंत्रज्ञानात ती मोजावी लागते. जिथे बदल नाही तिथे ती उगाच कोण मोजेल?

आता पहिल्या प्रश्नाकडे या. कारण बरोबर आहे, विधान चूक आहे. दोन्ही रचना आपापल्या जागी योग्य. वातावरण म्हणजे कंपनीभोवतीचा बाजार आणि तंत्रज्ञान. स्थिर वातावरणाला यांत्रिक, वेगाने बदलणाऱ्या वातावरणाला सेंद्रिय. 'श्रेष्ठ', 'आदर्श', 'नेहमीच' असे शब्द विधानात दिसले की आधी शंका घ्या.

पण अभ्यासातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे. चुकीच्या रचनेवर अडून बसलं तर काय होतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमध्ये जुन्या उद्योगांनी इलेक्ट्रॉनिक्समध्ये उतरावं असे प्रयत्न चालले होते. संरक्षण खात्याची कामं मिळवायची, त्यासाठी कंपनीत प्रयोगशाळा काढायची, तरुण इंजिनिअर आणायचे आणि त्या जोरावर नव्या बाजारात जायचं, असा बेत. कागदावर बेत चांगला होता. प्रत्यक्षात अभ्यासलेल्या निम्म्या ठिकाणी प्रयोगशाळेचे गट मोडले, किंवा त्यांचे प्रमुखच नोकरी सोडून गेल्यामुळे विस्कटले. बाकीच्यांपैकी काही गटांना तपासणी विभाग करून टाकलं, काहींना बिघाड दुरुस्त करणारी तुकडी, तर काहींना उत्पादन विभागच.

असं का झालं? इंजिनिअर कमी पडले म्हणून नाही. नवा माणूस आला की नवी माहिती त्याच्या हातात असते, आणि माहितीबरोबर वजन येतं. जुन्या खात्याच्या प्रमुखाला ते जाणवतं. मग प्रयोगशाळेला बाजूला, वेगळ्या खोलीत ठेवायचं, उत्पादनवाल्यांनी तिचा कागद आला की 'हे आमच्याकडे होणार नाही' म्हणायचं. वातावरण बदललं, पण कोणाची पत किती आणि कोणाचा शब्द चालणार, हे जुनंच राहिलं. रचना बदलायची तर ही घडी मोडावी लागते आणि ती मोडायला माणसं तयार नसतात.

अशा कंपन्या नव्या अडचणींवर जे उपाय करत, त्यांची लक्षणं बर्न्सनी तीन प्रकारांत सांगितली आहेत. ही तिन्ही ओळखायला शिका, प्रसंगावर आधारित प्रश्न त्यातून निघू शकतो.

पहिलं लक्षण, सगळे थेट मोठ्या साहेबांकडे जातात. तक्त्यात उतरंड लिहिलेली आहे, पण नवा प्रश्न तिच्यात बसत नाही. म्हणून खातेप्रमुख मधल्या पायऱ्या गाळून मुख्य व्यवस्थापकाला गाठतात. त्याच्या दारात रांग, आणि मधले अधिकारी नाराज.

दुसरं लक्षण मला सर्वात ओळखीचं वाटतं. प्रयोगशाळा आणि उत्पादन यांचं पटत नाही? मग दोघांमध्ये एक समन्वय अधिकारी नेमा. त्याचंही जमेना? समन्वयासाठी एक विभाग काढा. यंत्रासारखी रचना मोडायच्या ऐवजी तिच्यात आणखी भाग बसवायचे. याला त्यांनी यांत्रिक जंगल म्हटलं आहे. गंमत नाही, यात धोका आहे. नव्या पदांची नोकरी अडचण शिल्लक राहण्यावरच अवलंबून असते.

तिसरं लक्षण म्हणजे समिती. जे काम कोणा एकाच्या पदात बसत नाही ते समितीवर सोपवायचं.

आता दुसरा प्रश्न.

(पडद्यावर: एका कंपनीत नवं उत्पादन सतत रखडतं. व्यवस्थापनाने संशोधन आणि उत्पादन यांच्यात समन्वय विभाग नेमला. बर्न्स आणि स्टॉकर यांच्या मते ही कंपनी कशाकडे चालली आहे?)

पर्यायात 'सेंद्रिय रचनेकडे' असेल तर तो हमखास खुणावतो, कारण 'समन्वय' हा शब्द सेंद्रिय वाटतो. पण इथे जुनं काही सुटलेलं नाही, वर एक खातं वाढलं आहे. उत्तर यांत्रिक जंगल.

उतरंडीविषयीही एक गैरसमज लगेच काढून टाकतो. सेंद्रिय संघटनेत वर-खाली नसतंच, असं विधान आलं तर ते चूक. बर्न्स आणि स्टॉकर स्पष्ट सांगतात की तिथेही थर असतात. फरक असा, की कोणाचं चालणार हे हुद्द्याने कमी आणि जाणकारीने जास्त ठरतं. तसंच, एकच कंपनी दोन्हींपैकी एकच असली पाहिजे असंही नाही. दोन्ही टोकं एकाच पट्टीची, आणि एका कंपनीत दोन्ही प्रकार नांदू शकतात.

आता सर्वात अवघड सापळा, आणि याला मी थोडा वेळ देणार आहे.

समाजशास्त्रज्ञ जोन वुडवर्ड यांनी त्याच दशकात इंग्लंडमधल्या दक्षिण एसेक्समधल्या 100 उत्पादक कंपन्या पाहिल्या. त्यांनी प्रश्न वातावरणाचा विचारला नाही, उत्पादन कसं होतं याचा विचारला. त्यांचा निष्कर्ष असा. एकेक नग किंवा छोट्या संख्येने माल काढणाऱ्या आणि सतत प्रक्रिया चालवणाऱ्या, म्हणजे रसायन किंवा तेलशुद्धीकरणासारख्या कंपन्यांपैकी ज्या यशस्वी होत्या, त्या सेंद्रियच्या जवळ होत्या. मोठ्या प्रमाणावर एकसारखा माल काढणाऱ्या यशस्वी कंपन्या यांत्रिकच्या जवळ.

आता रेयॉनची गिरणी आठवा. तीसुद्धा रासायनिक प्रक्रिया चालवणारी. बर्न्सच्या उदाहरणात ती यांत्रिक, आणि वुडवर्डच्या नियमाने पाहिलं तर ती सेंद्रियच्या बाजूला जायला हवी. दोघांपैकी कोण खोटं? कोणीच नाही. दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजली. एकाने बदलाचा वेग, दुसऱ्याने तंत्राचा प्रकार. एकाच कारखान्यावर दोन्ही पट्ट्या लावता येतात आणि वाचन वेगळं येऊ शकतं. म्हणून प्रश्न सोडवताना आधी पट्टी कोणती हे बघायचं.

पडद्यावरचा शेवटचा प्रश्न वाचा.

(पडद्यावर: एक तेलशुद्धीकरण कारखाना रात्रंदिवस चालतो. त्याचा बाजार आणि तंत्रज्ञान बऱ्याच वर्षांत बदललेलं नाही. कोणती रचना योग्य?)

'तेलशुद्धीकरण' वाचलं की वुडवर्ड आठवते आणि 'सेंद्रिय'वर बोट जातं. पण दुसरं वाक्य पुन्हा वाचा. प्रश्न विचारणाऱ्याने बाजार आणि तंत्रज्ञान स्थिर असल्याचं मुद्दाम सांगितलं आहे. ते वाक्य उगाच नाही आलं. उत्तर यांत्रिक. हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याशिवाय आला आणि शेवटी 'वुडवर्ड यांच्या मते' असं असलं, तर उत्तर सेंद्रिय.

तुमच्या वहीत आधी काय लिहिलं होतं आणि आता काय वाटतं, ते खाली लिहा. ज्यांचं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे त्यांनी कोणत्या शब्दामुळे ते आलं हेही लिहा, पुढच्या व्हिडिओत आपण त्यावरच बोलू.